कॅसेट क्रमांक १७

संकलन म्हणजे नको ते कापणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात संकलकाचा बराच वेळ कापलेली जागा बुजवण्यात जातो. खाली दिलेली गोष्ट कल्पित आहे, पण ती घडते ती याच कामामुळे.

एक संकलक आहे. तिचे वडील ध्वनिमुद्रक होते, आता हयात नाहीत. २००४ मध्ये त्यांच्या युनिटने रत्नागिरीकडे जात्यावरच्या ओव्यांवर एक माहितीपट केला होता. तो नव्याने बांधायचं काम योगायोगाने तिच्याकडे येतं. मूळ चित्रण मिनी डीव्ही कॅसेटवर आहे आणि एका कॅसेटमध्ये तासाभराचं रेकॉर्डिंग मावतं. पहिल्या वेळी निवडक शॉट संगणकावर उतरवून घेतले होते, ते तिच्याकडे आहेत. कॅसेट खोक्यातच पडून आहेत.

एका आजींच्या मुलाखतीत मधेच खोकला येतो. ती तो काढते आणि तिथे नुसती शांतता ठेवते. हेडफोन लावून ऐकलं की तिथे भोक पडल्यासारखं वाटतं, कारण खोली कधीच पूर्ण गप्प नसते. लांबची गाज, कावळे, भिंतीवरचं घड्याळ असं काही ना काही चालू असतं. म्हणूनच मुलाखत संपली की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा रिकामा आवाज अर्धा-एक मिनिट टिपून ठेवतो. त्याला रूम टोन म्हणतात. खोकल्याच्या जागी त्याचा तुकडा जोडला की कानाला शंका येत नाही. दुसऱ्या खोलीतला आवाज मात्र चालत नाही, तो लगेच उघडा पडतो.

जुन्या नोंदवहीत तिला सापडतं: कॅसेट १७, रूम टोन, 00:14:20:00. हा टाइमकोड, म्हणजे तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. संगणकावर त्या आकड्याला मात्र आजी बोलत असतात. मुलीला वाटतं, बाबांनी नोंद चुकवली. घरी किराण्याची वहीसुद्धा नीट ठेवणारा माणूस!

नोंद बरोबर होती, कॅसेटवर 14:20 दोनदा होतं. झालं असं की चित्रीकरणात मधेच कोणीतरी मागचा भाग तपासून पाहिला आणि पुढे सुरू करताना थोडी कोरी टेप सोडली. कोऱ्या जागेवर आधीचा टाइमकोड नसतो, त्यामुळे कॅमेरा पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. पहिला भाग एकवीस मिनिटांचा, तेव्हा दुसरं 14:20 साधारण छत्तिसाव्या मिनिटाला येतं. टेप उतरवताना यंत्र आकडा शोधतं आणि पहिला सापडला की थांबतं. दुसरा भाग कोणी उतरवलाच नव्हता.

ती चालू स्थितीतला डेक मिळवते. अशी जुनी टेप सारखी मागेपुढे करू नये, झिजते. आकड्यावर न जाता ती पूर्ण तासभर सलग उतरवून घ्यायचं ठरवते. एकवीस मिनिटांनी पडदा निळा होतो, मग चित्र परत येतं. कधी चौकोनी ठिगळं दिसतात, कारण टेपवरची माहिती काही जागी निघून गेलेली असते.

आवाज टिपायचा असला तरी कॅमेरा चालूच ठेवतात, कारण आवाजही त्याच टेपवर जातो. कॅमेरामनने तो नुसता बाजूला वळवला होता. चौकटीत अर्धे कापलेले बाबा, हातात बूम, कपाळावर घाम. मुलाखतीसाठी पंखा बंद केलेला. "रूम टोन. तीस सेकंद. हलू नका कोणी." डोळे मिटून ते अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत सेकंद मोजतात. मग म्हणतात, "झालं. आजी, लावा आता पंखा. आणि चहा म्हणाला होता तुम्ही."

बस, एवढंच. इथे लेखकाला मोह होतो, बाबांच्या तोंडी लेकीसाठी दोन शब्द घालायचा. घातले तर कथा खोटी पडेल. ते कामात होते, आणि मुलीला ते कामात असताना कधी दिसलेच नव्हते. घरी यायचे ते दमलेले, हेडफोनचे वळ कानांवर घेऊन.

हा शॉट माहितीपटात जाणार नाही, तिथे त्याचं काम नाही. आवाज मात्र जातो: तीस सेकंदांतले तीन, खोकल्याच्या जागी. दुसऱ्या भागाला ती कॅसेट १७ ब असं वेगळं नाव देते, नाहीतर संगणक पुन्हा दोन्ही 14:20 एकच समजेल. तासाभराची मूळ फाइल साधारण १३ जीबीची होते. ती तिच्या दोन प्रती करते, एक निर्मात्याला आणि एक आईला. आई पहिल्यांदा पाहून विचारते, हा शर्ट कधी घेतला होता यांनी?