घरपट्टीच्या पावतीचा माग

शाळेच्या नागरिकशास्त्र प्रकल्पात ‘आमची ग्रामपंचायत’ हा विषय नेहमी असतो. सरपंचांसोबत फोटो, सदस्यांची यादी, पाठ्यपुस्तकातून उतरवलेली कामं, की वही पूर्ण! पण पंचायत खरोखर कशी चालते हे पाहायचं असेल, तर स्वतःच्या घरची घरपट्टीची पावती घेऊन कार्यालयात जावं.

आधी ग्रामसेवकांची वेळ आणि परवानगी घ्यावी. (2024 पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असं आहे.) मग आपल्या घरापुरता नमुना 8 पाहायला मागावा. ही कर आकारणीची नोंदवही. त्यात बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि त्यावरून ठरलेला कर असतो. घरी येऊन टेप धरून मोजमाप घ्यावं. घरावर दुसरा मजला चढला असेल आणि वहीत एकच मजला असेल, तर पंचायतीचं उत्पन्न कुठे गळतं ते तिथेच कळतं.

पुढची वही नमुना 9, म्हणजे कर मागणीची. समजा, तुमच्या घराची मागील थकबाकी 400 रुपये आणि यंदाचा कर 900 रुपये आहे. एकूण मागणी 1300 झाली. घरच्यांनी ती सगळी भरली, तेव्हा नमुना 10 ची पावती मिळाली. हीच रक्कम, याच पावती क्रमांकासह, नमुना 9 मध्ये वसुली म्हणून आणि नमुना 5 च्या रोकडवहीत जमा म्हणून दिसली पाहिजे. पावती आहे पण रोकडवहीत जमा नाही, किंवा पैसे भरूनही वहीत थकबाकी तशीच आहे, असं आढळलं तर तारीख आणि क्रमांक टिपून ग्रामसेवकांना कारण विचारावं. आरोप करू नये, कारण कधी नोंद नुसती मागे पडलेली असते.

आता गावाचे फक्त एकूण आकडे घ्यावेत, कुणाच्या घरची थकबाकी प्रकल्पात लिहू नये. मागणी 6 लाख आणि वसुली 3 लाख 90 हजार असेल, तर वसुली 65 टक्के झाली. उरलेले 2 लाख 10 हजार पुढच्या वर्षीच्या वहीत थकबाकी म्हणून चढतात आणि यंदा पथदिव्यांच्या दुरुस्तीला किंवा सफाईला पैसे कमी पडतात.

‘सरकारकडून निधी येतो ना?’ असं मुलं विचारतील. येतो, पण तो हवा तिथे वापरता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. गावाला आपल्या मनाने खर्च करायला सर्वात मोकळे पैसे घरपट्टीचेच.

शेवटची भेट ग्रामसभेची. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. मुलांनी हजेरी मोजावी, आणि वसुलीचा आकडा सभेत कुणी विचारला का, त्यावर काय उत्तर मिळालं, हे जसंच्या तसं लिहावं.