दप्तरातला पंप आणि बाईंना चिठ्ठी

दम्याच्या मुलाचे पालक नेहमी विचारतात, ‘शाळेत बाईंना काय सांगायचं?’ तोंडी सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून लिहून द्यावं. चौथीतल्या एका मुलाच्या आईसाठी तयार केलेली ही चिठ्ठी नमुन्यादाखल पाहा.

‘आदरणीय बाई, माझ्या मुलाला दमा आहे. त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात साल्ब्युटामॉलचा निळा पंप आणि स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची नळी, असते. पंप कृपया कपाटात ठेवू नये. मैदानावर आणि सहलीतही तो त्याच्याजवळ असावा. रोजचा दुसरा पंप घरीच असतो. दम लागल्यावर त्याने लगेच आराम पडत नाही.

सतत खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, खेळ सोडून बसणे ही सुरुवात समजावी. त्याला एकटं पाठवू नये. ताठ बसवावं, आडवं करू नये. पंप हलवून स्पेसरला लावावा, एकदा दाबावा आणि त्याला नळीतून चार श्वास घेऊ द्यावेत. असं चार वेळा, दर वेळी पंप हलवून. चार मिनिटं थांबावं. फरक नसेल तर पुन्हा चार वेळा द्यावं आणि १०८ला व मला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत दर चार मिनिटांनी हेच चालू ठेवावं.

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो गुंगल्यासारखा वाटला, तर वाट न पाहता आधी १०८. पंप सुरूच ठेवावा. बरं वाटलं तरी मला कळवावं.’

चिठ्ठीखाली डॉक्टरांची सही, तारीख आणि दोन फोन नंबर हवेत. फवाऱ्यांची संख्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी. पंपांचे रंग कंपनीनुसार बदलू शकतात, म्हणून औषधाचं नावही लिहावं.

शिक्षकांना दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. पहिली, शिट्टी थांबली म्हणजे मूल बरं झालं असं नाही. श्वासनळ्या फार आकसल्या की हवा इतकी कमी आत जाते की आवाजच उमटत नाही. मूल थकून गप्प झालं असेल, तर ती सर्वांत धोक्याची वेळ. बरं झालेलं मूल सलग बोलतं, हे लक्षात ठेवावं.

दुसरी भीती ‘पंपाची सवय लागेल’ किंवा ‘जास्त दिला गेला तर?’ ही. सवय लागत नाही. जादा फवाऱ्यांनी हात थरथरतात, छाती धडधडते. ते थोड्या वेळात ओसरतं. अटॅकमध्ये पंप द्यायला उशीर होणं मात्र जिवावर बेतू शकतं.

घरचं कामही आहे. दर महिन्याला पंपावरची मुदत पाहावी आणि बरेच दिवस वापरला नसेल, तर हवेत फवारा उडवून तो चालतो ना, हे तपासावं.