उद्या पाणी बंद, पण कधी आणि कुठे?

‘टाकी साफ करायची असल्याने उद्या पाणी बंद राहील. सहकार्य करावे.’ लिफ्टजवळच्या फळ्यावर एवढंच लिहिलं की सगळ्याच विंगा बादल्या, पिंपं भरू लागतात. ज्यांचं पाणी जाणारच नाही, त्यासुद्धा. सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यांवर धार बारीक होते.

वेळ लिहिताना हमखास एक चूक होते. समजा, सकाळी १० वाजता व्हॉल्व्ह बंद झाला, सफाई १ वाजता संपली आणि पंपाला गच्चीवरची टाकी भरायला दोन तास लागले. मग पाणी येणार ३ वाजता. सूचनेत ‘१० ते १’ लिहिलं तर दुपारी सेक्रेटरींचा फोन वाजत राहतो.

कोणत्या विंगा, हे प्लंबरलाच विचारावं. एका टाकीवर दोन विंगा असू शकतात. नाव आणि नंबर मात्र कामावर हजर असणाऱ्याचाच हवा. ऑफिसात बसलेल्या सेक्रेटरींना व्हॉल्व्ह उघडला की नाही, हे कसं कळणार?

आता हे वाचा: ‘मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ३ फक्त ए आणि बी विंगचं पाणी बंद. सुरुवातीला गढूळ पाणी आल्यास थोडं सोडून द्यावं. चौकशीसाठी गच्चीवर हजर असलेले सुपरवायझर,’ आणि पुढे त्यांचं नाव, मोबाइल नंबर.