थंबनेल बदललं, क्लिक वाढले, पण खरंच?

समजा, तुम्ही तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलाय. पहिल्या आठवड्यात थंबनेल ३०० वेळा दिसलं आणि १२ क्लिक मिळाले. क्लिक-थ्रू रेट ४ टक्के. मग थंबनेल बदललं. पुढच्या ३०० वेळांत १८ क्लिक आले, म्हणजे ६ टक्के. थेट दीडपट! पण हा फरक अवघ्या सहा क्लिकांचा आहे, आणि सहा क्लिक योगायोगानेही इकडचे तिकडे होतात.

योगायोगाचा वाटा किती, हे कॉन्फिडन्स इंटरव्हल सांगतो. एका आकड्याऐवजी तो पट्टा देतो: खरा दर साधारण इथून तिथपर्यंत कुठेही असू शकेल. तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही काढता येतो. अ‍ॅग्रेस्टी आणि कूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सुचवलेली युक्ती अशी, की क्लिकांत २ आणि इम्प्रेशनमध्ये ४ मिळवायचे. १२ चे १४ होतात, ३०० चे ३०४. भागाकार ०.०४६. आता ०.०४६ ला ०.९५४ ने गुणा, ३०४ ने भागा, वर्गमूळ घ्या आणि दुप्पट करा. उत्तर येतं ०.०२४, म्हणजे २.४ टक्के. ४.६ मधून तेवढे वजा करा, मग तेवढेच मिळवा: पट्टा २.२ ते ७ टक्के. या रीतीने काढलेल्या दर शंभर पट्ट्यांपैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरा दर सापडतो.

दुसऱ्या थंबनेलचा पट्टा ३.७ ते ९.४ येतो. दोन्ही एकमेकांवर बरेच चढलेत. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये. पट्टा थेट फरकाचा काढावा. इथे तो साधारण उणे दीडपासून अधिक साडेपाच टक्क्यांपर्यंत जातो. शून्य आतच आहे, म्हणजे नवं थंबनेल सरस असेल, तसंच असेल किंवा किंचित वाईटही असेल. चार आणि सहा टक्क्यांतला फरक भरवशाने ओळखायचा, तर प्रत्येक थंबनेलला अठराशे-एकोणीसशे इम्प्रेशन लागतील.

एवढं करूनही एक खोट राहते. हे गणित प्रत्येक इम्प्रेशन स्वतंत्र धरतं, पण एकाच माणसाला तेच थंबनेल चारदा दिसू शकतं. शिवाय पहिल्या आठवड्यात ते सबस्क्राइबरना दिसलं आणि दुसऱ्यात सर्चमधून आलेल्यांना, तर आपण थंबनेल नव्हे, प्रेक्षक तोलतोय. म्हणून स्टुडिओमध्ये ट्रॅफिक सोर्स आधी बघा. आणि रोज आकडा पाहून मनासारखा आला त्या दिवशी थांबू नका. त्याने पट्ट्याचा भरवसाच जातो.

काहीशे इम्प्रेशनवर फक्त ढळढळीत फरक कळतो. १२ विरुद्ध ४० क्लिक आले, तर खुशाल नवं थंबनेल ठेवा. १२ विरुद्ध १८ वर मात्र पुढचा व्हिडिओ करायला घ्या.