वाढ फुकट येत नाही

शेअर महाग आहे की स्वस्त, हे बाजारभावावरून कळत नाही. त्यासाठी आधी अख्ख्या कंपनीचं मोल काढावं लागतं. पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ.

पुढच्या वर्षी व्याज आणि कर देण्याआधी तिला 100 कोटी रुपये नफा होईल. 25 टक्के कर वजा जाता 75 कोटी उरतात. घसाऱ्याचे 20 कोटी हिशेबात खर्च म्हणून लिहिलेले असतात, पण ती रोकड बाहेर जात नाही, म्हणून ते परत मिळवायचे. नव्या यंत्रांना 35 कोटी लागतील आणि वाढलेला माल व उधारी यांत 10 कोटी अडकतील, ते वजा करायचे. उरले 50 कोटी. हा कंपनीचा मुक्त रोख प्रवाह, म्हणजेच फ्री कॅश फ्लो. यातून व्याज वजा केलेलं नाही, कारण या पैशावर भागधारक आणि कर्जदाते अशा दोघांचा हक्क आहे.

त्यामुळे डिस्काउंटचा दरही दोघांचा मिळून धरायचा. भांडवलाचे तीन भाग भागधारकांचे असून त्यांची अपेक्षा 14 टक्के परताव्याची आहे. एक भाग कर्जाचा आहे. त्याचं व्याज 8 टक्के, पण करसवलतीनंतर ते 6 टक्केच पडतं. सरासरी येते 12 टक्के.

हा प्रवाह दरवर्षी 5 टक्के वाढत राहील असं धरलं, तर 50 कोटींना 12 आणि 5 मधल्या फरकाने, म्हणजे 7 टक्क्यांनी भागायचं. कंपनीचं मोल सुमारे 714 कोटी. त्यातून 200 कोटींचं कर्ज वजा करून बँकेतले 30 कोटी मिळवले की भागधारकांचे 544 कोटी होतात. शेअर 5 कोटी असतील, तर एकाचं मोल सुमारे 109 रुपये.

आता कोणी वाढ 6 टक्के धरली आणि बाकी आकडे तसेच ठेवले, तर शेअर थेट 133 रुपयांवर जातो. चूक इथेच होते. घसारा भरून काढल्यावर कंपनी धंद्यात नव्याने 25 कोटी घालते. त्यावर 15 टक्के कमाई झाली, तर 75 कोटींच्या नफ्यात पावणेचार कोटींची, म्हणजे 5 टक्के भर पडते. 6 टक्के हवे असतील, तर साडेचार कोटींची भर लागेल आणि त्यासाठी 30 कोटी गुंतवावे लागतील. मग रोख प्रवाह 50 नव्हे, 45 कोटी उरतो आणि शेअरचं मोल येतं 116 रुपये.

तेव्हा कोणताही मूल्यांकन अहवाल वाचताना वाढीचा दर पाहून थांबू नका. त्या वाढीसाठीची गुंतवणूक रोख प्रवाहातून वजा केली आहे का, ते आधी तपासा.