चौकटीची खिडकी

स्नेहसंमेलनाच्या फोटो बूथसाठी चौकट करताना आधी छपाईचा कागद ठरवावा. नेहमीचा कागद ६ बाय ४ इंचांचा. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर आडवी फाइल १८०० बाय १२०० पिक्सेलची होते.

बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ प्रमाणात असतो, म्हणून खिडकीही त्याच प्रमाणात हवी. नाहीतर कडेला उभ्यांचे खांदे कापले जातात. १५०० बाय १००० ची खिडकी वरून ५० पिक्सेलवर ठेवली, की दोन्ही बाजूंना आणि खाली १५० पिक्सेल उरतात. महाविद्यालयाचे नाव खालच्या पट्टीत, पण कडेपासून किमान ४० पिक्सेल आत लिहावे, कारण काही प्रिंटर कडा थोड्या कापतात.

खिडकीतला भाग पांढरा रंगवायचा नाही, पुसायचा. पार्श्वभूमीचा थरही लपवायचा. मग पडद्यावर चौकटींची राखाडी नक्षी दिसते. फाइल पीएनजीच ठेवावी. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही आणि चेहऱ्यांवर पांढरा ठोकळा येतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तरी हेच होते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आदल्या दिवशी एक प्रिंट काढून पाहाच.