नमनाला घडाभर तेल

चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये कटिंग ऑइल विकणारा नवा प्रतिनिधी पहिल्यांदा येतो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहितो, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घेतो, अर्धा तास बाकावर काढतो आणि एकदाचा प्रॉडक्शन मॅनेजरसमोर बसतो. मग सुरू होतं: "सर, आमची कंपनी १९९८ साली सुरू झाली, आयएसओ सर्टिफाइड आहे, चार राज्यांत ब्रँचेस आहेत, कटिंग ऑइलपासून ग्रीसपर्यंत आमच्याकडे सगळी रेंज आहे…" साहेब मान डोलावतात, कार्ड उलटसुलट करतात आणि विचारतात, "रेट काय तुमचा?"

प्रतिनिधी खूश होतो. गाडी थेट भावावर आली म्हणजे काम जमणार! खरं तर बहुतेक वेळा ती भेट तिथेच संपलेली असते. ऐकलेल्यातलं काहीच स्वतःच्या कामाचं वाटलं नाही की माणूस भाव विचारतो, कारण एका ड्रमची दुसऱ्या ड्रमशी तुलना करायला तेवढंच उरतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "कोटेशन मेलवर टाका, बघतो."

या पहिल्या मिनिटाबद्दल सेल्सच्या क्षेत्रात काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यातल्या काही तर पैसे मोजून शिकवल्या जातात.

गैरसमज: काय बोलता यापेक्षा कसे दिसता, हेच खरं

प्रशिक्षणवर्गात हमखास दाखवली जाणारी एक स्लाइड आहे. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणजे ९३ टक्के काम बूट, टाय आणि हस्तांदोलन करतात, उरलेलं तोंड!

हे आकडे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत तपासलं होतं ते एवढंच: एखादा सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवला आणि सोबत चेहऱ्यावरचा भाव वेगळाच दाखवला, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो? तिथे न कंपनी होती, न माल, न कुणाची अडचण. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे समीकरण लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. हा खुलासा स्लाइडपर्यंत काही पोचला नाही.

दिसण्याचा परिणाम होतच नाही, असं मात्र नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि तोदोरोव यांच्या २००६ च्या अभ्यासात अनोळखी चेहऱ्याचा फोटो सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी लोकांनी विश्वासार्हतेचा अंदाज बांधला. निवांत पाहून केलेल्या अंदाजाशी तो बराच जुळत होता. पण मशिन शॉपमध्ये हा अंदाज वेगळ्या गोष्टींवर बांधला जातो. शॉप फ्लोअरवर जायची वेळ येणार हे ठाऊक असून सेफ्टी शूज न घालता आलेला माणूस कितीही टापटीप असला, तरी 'हा मशिनजवळ कधी गेलेला नाही' हे साहेबांनी ओळखलेलं असतं.

गैरसमज: पहिल्या मिनिटात कंपनी आणि माल विकायचा असतो

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

नील रॅकहॅम या ब्रिटिश संशोधकाच्या चमूने सुमारे बारा वर्षं हजारो विक्रीभेटी प्रत्यक्ष बसून नोंदवल्या. त्यावरचं त्यांचं 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक १९८८ मध्ये आलं. मोठ्या, अनेक भेटींनी पुऱ्या होणाऱ्या व्यवहारांबद्दल त्यांचा निष्कर्ष असा, की सुरुवातीलाच मालाचे फायदे मांडल्याने यश वाढतं असं दिसत नाही. भिंतीवरच्या फोटोवरून किंवा क्रिकेटवरून जवळीक साधण्याचंही तेच. सुरुवातीने तीनच कामं करायची: मी कोण, मी कशासाठी आलो (मालाची वर्णनं न करता), आणि मला काही प्रश्न विचारायचे आहेत, चालेल ना?

तिसरं काम बहुतेक जण विसरतात, आणि खरी किल्ली तीच आहे. आधीच माल मांडला की प्रश्न विचारायचा हक्क समोरच्याकडे जातो. मग तो विचारत राहतो आणि आपण उत्तरं देत बसतो. पहिला प्रश्न अर्थातच भावाचा.

आता हेच कटिंग ऑइलच्या भेटीत लावून पाहू. पाण्यात मिसळायचं हे तेल, ज्याला शॉपमध्ये कूलंट म्हणतात, साधारणपणे पाच ते आठ टक्क्यांच्या प्रमाणात वापरतात. बीडाचे जॉब करणाऱ्या शॉपमध्ये त्याच्या दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली, सोमवारी सकाळी मशिन चालू केलं की टाकीतून सडक्या अंड्यासारखा वास. रविवारी कूलंट फिरत नाही, मशिनचं गळालेलं तेल वर तवंग धरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू माजतात. दुसरी तक्रार, तयार जॉबवर गंज. टाकीतली पातळी उतरली की ऑपरेटर नुसतं पाणी ओततो, प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली घसरतं आणि बीडाला तांबूस डाग पडतात.

हे ठाऊक असलेल्या प्रतिनिधीची ओळख अशी होऊ शकते:

"नमस्कार सर, मंगळवारी फोनवर बोललो होतो तो मी. आम्ही भोसरीत कटिंग ऑइल बनवतो. बीडाचं मशिनिंग करणाऱ्या शॉपमध्ये आमचं बरंचसं काम आहे, आणि तिथे सोमवारचा वास आणि जॉबवरचा गंज या दोन तक्रारी आम्हाला सतत ऐकू येतात. तुमच्याकडे तसं आहे की नाही, मला माहीत नाही. वीस मिनिटं ठरली होती, तेवढीच घेतो. आधी तुमची मशिन्स आणि सध्याची टाकी कशी चालते हे विचारलं तर चालेल का? आमचं काही उपयोगाचं नसेल, तर मीच तसं सांगेन."

घड्याळ लावून म्हणून पाहा. सावकाश बोललात तरी हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं. उरलेला वेळ साहेबांचा. यात स्थापनेचं साल नाही, आयएसओ नाही, रेंज नाही. कंपनीची ओळख मात्र पुरती आहे: कुठली, काय बनवते, कुणासाठी. 'तुमच्याकडे तसं आहे की नाही, मला माहीत नाही' हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर बाहेरून आलेला माणूस आपल्या शॉपला नावं ठेवतोय असं वाटतं, आणि मग गंज खाल्लेले जॉब कोपऱ्यात पडलेले असले तरी साहेब म्हणतात, "आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही."

आयएसओचं सर्टिफिकेट बिनकामाचं आहे, असा याचा अर्थ नव्हे. व्हेंडर कोड काढताना खरेदी विभाग ते मागतोच, जीएसटी नोंदणी आणि रद्द केलेल्या चेकसोबत. ती कागदपत्रं त्या टप्प्याची आहेत. पहिल्या मिनिटात ती मांडणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं.

गैरसमज: मोठ्या गिऱ्हाइकांची नावं घेतली की विश्वास बसतो

कधी बसतो, कधी उलटं होतं. समोरचा ज्या मोठ्या वाहन कंपनीला सुटे भाग पुरवतो, तिलाच भाग पुरवणाऱ्या शेजारच्या शॉपचं नाव तुम्ही अभिमानाने घेतलंत, आणि वर "त्यांचं रिजेक्शन आम्ही खाली आणलं" असंही सांगितलंत. साहेबांच्या मनात पहिला विचार येतो: हा उद्या आमच्या आतल्या गोष्टी तिकडे सांगणार. वाहन उद्योगात गोपनीयतेचे करार असतात, गेटवरचा तो स्टिकर काही शोभेसाठी नसतो. नावापेक्षा कामाचा प्रकार सांगावा: कोणता धातू, कोणती मशिन्स, कुठली तक्रार. ओळखणारा बरोबर ओळखतो. आणि साहेबांनी स्वतःहून नाव विचारलं, तर ज्याची परवानगी आहे तेवढंच द्यावं.

गैरसमज: हुद्दा भारी असला की मान मिळतो

कार्डावर 'बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर' असतं आणि भावात दोन रुपये इकडेतिकडे करायचे तर स्वतःच्या वरिष्ठांना विचारावं लागतं. गिऱ्हाइकाला हुद्द्याशी घेणंदेणं नसतं. टाकीला वास आला तर फोन कुणाला करायचा, आणि ट्रायल द्यायची की नाही हे ठरवतं कोण, एवढंच त्याला हवं असतं. "ट्रायल मी ठरवू शकतो, क्रेडिट मात्र ऑफिस ठरवतं" असं सरळ सांगणाऱ्याचं पुढचं बोलणं लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात.

भाषेबद्दल फार लिहायला नको. फोनवर ज्या भाषेत बोलणं झालं, त्याच भाषेत सुरुवात करावी. फोनवर मराठीत बोललेल्या माणसाने समोर बसताच इंग्रजीत पाठ म्हणायला घेतला, तर पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं.

आता मिनिट नीट गेलं की नाही, हे कसं ओळखायचं? साहेबांनी हसून दाद दिली यावर जाऊ नका, चांगले लोक सगळ्यांशीच हसतात. त्यांनी स्वतःच्या शॉपबद्दल पहिलं वाक्य कधी उच्चारलं, ते पाहा. "वास नाही, पण ऑपरेटरच्या हाताला खाज सुटते म्हणतात" असं काही आलं, किंवा त्यांनी फोन उचलून सुपरवायझरला बोलावलं, तर काम झालं. कार्ड टेबलाच्या कडेला गेलं आणि नजर स्क्रीनवर, तर नाही झालं. अशा वेळी बोलण्याचा वेग वाढवण्याचा मोह होतो, आणि त्याने आणखी बिघडतं. वाक्य अर्धं सोडून सरळ विचारावं, "सर, सध्याच्या कूलंटचं काय बरं चाललंय आणि काय नाही?"

अर्थात, या मिनिटाची ताकदही बेताचीच असते. उत्तम ओळख करून दिली म्हणून कुणी ऑर्डर देत नाही. फार तर एका मशिनवर ट्रायल मिळते. ती काही आठवडे चालते, रिफ्रॅक्टोमीटरवर रोज प्रमाण मोजावं लागतं, आणि त्यानंतर व्हेंडर कोडचा प्रवास. तेल वाईट असेल तर पहिल्याच महिन्यात टाकी ते सांगते, आणि तिथे कुणाचीही ओळख कामाला येत नाही.

पुढच्या भेटीला निघण्याआधी आपली ओळख मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. त्यात 'आम्ही', 'आमची', 'आमच्याकडे' किती वेळा आलं आणि गिऱ्हाइकाच्या कामाबद्दल किती वाक्यं आली, ते मोजा. शेवटाकडे प्रश्न नसेल, तर ओळख अजून तयार नाही.